एकेक रात्र वाटून घ्यावी, रात्री नव्हेत

“बाळासाठी रात्री कोणी उठायचे, याबद्दल पत्नीला पत्र लिहितो आहे. एक रात्र तिची, एक रात्र माझी, असे त्यात लिहिले तर न्याय्य होईल ना?”

अंगावर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीत नाही, कारण तुमच्या रात्रीही दर दोन-तीन तासांनी तिलाच उठावे लागेल. मी पत्नीला लिहिलेल्या पत्रात म्हणून रात्रच विभागली होती: नऊला पाजून तिने झोपावे, बाराच्या सुमारास मी तिने काढून फ्रीजमध्ये ठेवलेले अंगावरचे दूध गरम पाण्यात वाटी ठेवून कोमट करावे, चमच्याने पाजावे, ढेकर काढावी आणि दोननंतर तिने पाहावे, म्हणजे सकाळच्या लोकलआधी मलाही सलग झोप मिळेल. मात्र पाच तासांच्या खंडाने तिची छाती दाटून दुखू लागली, तेव्हा आम्ही माझी पाळी एकपर्यंतच ठेवली. लंगोट बदलणे (हे पत्रात राहूनच गेले होते) पहाटेपर्यंत माझ्याकडे आले.