चेहऱ्याचे ठिपके पोस्टरशी जुळवताना

"झाडीपट्टी नाटकाच्या जुन्या पोस्टरवर मित्राचा चेहरा बसवला, रंगही जुळवला, तरी वरून चिकटवल्यासारखाच का दिसतो?"

भाऊ, फरक ठिपक्यांचा आहे. छापील चित्र शाईच्या बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनतं, फोटोत ती जाळी नसते. वडसा भागातल्या अशाच एका पोस्टरवर मी मित्राचा चेहरा बसवला होता. ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये जाळीच्या ओळीत दहा ठिपक्यांना ९० पिक्सेल लागले, म्हणजे इंचाला साधारण ६७ ओळी. नव्या चेहऱ्याची जाळी तेवढीच हवी.

आधी स्कॅनमधला जुना चेहरा समासातल्या कोऱ्या कागदाने झाका. खाली जुने ठिपके राहिले तर दोन जाळ्या भिडून लहरी उमटतात. मग फोटोशॉपमध्ये फोटो नेमक्या मापाचा करून `CMYK` करा, `Split Channels` ने चार रंग वेगळे काढा आणि प्रत्येकाला `Bitmap` मधलं `Halftone Screen` लावा: ६००, ६७ आणि त्या रंगाचा कोन. कोन पोस्टरवरच मोजा. बहुधा काळा ४५, गुलाबी ७५, निळा १५, पिवळा ० अंश असतो. यानंतर माप बदलायचं नाही. मी पहिल्यांदा चेहरा नंतर मोठा केला आणि गालावर चट्टे आले.

चारही जाळ्या पोस्टरच्या स्कॅनवर वेगवेगळ्या थरांत आणा आणि ठिपक्यांना पोस्टरवरूनच उचललेला शाईचा रंग द्या. जुनी काळी शाई अनेकदा निखळ काळी दिसत नाही. चारही थर कागदावर `Multiply` ठेवले की कागदाचा पिवळेपणा आपोआप चेहऱ्यात उतरतो.

शाई किती सरकली ते अक्षरांच्या कडेवर कळतं. माझ्या पोस्टरवर गुलाबी ३ पिक्सेल उजवीकडे डोकावत होता, म्हणून चेहऱ्याचा गुलाबी थरही तेवढाच सरकवला. शेवटी थरांना ०.७ पिक्सेलचा `Gaussian Blur` दिला, कारण स्कॅनमधल्या ठिपक्यांच्या कडा मऊ होत्या.