मदत हवी आहे: लट लावल्यावर संध्याकाळच्या आकाशात पट्टे दिसतात, पण एकाच कॅमेऱ्याच्या फुटेजमध्ये

तलावकाठ_सोलापूर

नमस्कार. गड्डा यात्रेच्या काळात सिद्धेश्वर तलावाच्या काठावरून सूर्यास्तानंतरची काही दृश्ये मी दोन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित केली. पहिला कॅमेरा माझा असून तो ८-बिट नोंदवतो. दुसरा मित्राकडून आणलेला आहे आणि तो १०-बिट नोंदवतो. दोन्हींवर एस-लॉग ३ आणि एस-गॅमट ३ सिने हीच प्रोफाइल होती व एक्स्पोजरही सारखे ठेवले होते. स्पॉट मीटरने पाहिले तेव्हा आकाशाचा माथा आणि क्षितिज यांत सुमारे एका स्टॉपचा फरक होता.

रिझॉल्व्हमध्ये दोन्ही क्लिपवर एस-लॉग ३ वरून रेक. ७०९ कडे नेणारी एकच ३३ बिंदूंची क्यूब लट लावली. १०-बिट क्लिपमधले आकाश केशरीपासून जांभळ्यापर्यंत सलग उतरते. ८-बिट क्लिपमध्ये मात्र त्याच आकाशात आडवे पट्टे दिसतात आणि त्यांतले काही किंचित गुलाबी, तर काही हिरवट आहेत. लट काढली की पट्टे दिसत नाहीत, म्हणून माझा संशय लटवर आहे. पण याच ८-बिट कॅमेऱ्याने दुपारी टिपलेली नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले भाविक आणि मागचे निळे आकाश, हे सर्व त्याच लटखाली स्वच्छ दिसते.

फाइलची तपासणी अशी केली:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
  -show_entries stream=codec_name,pix_fmt \
  -of default=nw=1 C0041.MP4
```

माझ्या कॅमेऱ्याच्या फाइलसाठी `yuv420p` आणि दुसऱ्याच्या फाइलसाठी `yuv422p10le` असे उत्तर आले. दोष लटचा आहे का, आणि आता ही दृश्ये वाचवता येतील का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुन्हा चित्रीकरण करायचे तर पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबावे लागेल.

बार्शी_शुभविवाह

यात्रेत एलईडी दिव्यांची रोषणाई असते, त्यामुळे हे होते. मंगल कार्यालयातल्या स्टेजच्या दिव्यांखाली माझ्या व्हिडिओतही असेच आडवे पट्टे येत असत. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा म्हणजे पट्टे जातील, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. लट बदलून उपयोग होणार नाही.

तलावकाठ_सोलापूर

दादा, सल्ल्याबद्दल आभार. पण दिव्यांमुळे येणारे पट्टे चौकटीतून वर-खाली सरकतात. हे पट्टे क्लिपभर एकाच जागी स्थिर आहेत आणि फक्त आकाशात आहेत. शटर १/५० च होते.

अमेय_एडिट

हा ८-बिटचाच प्रश्न आहे, लटचा नाही. माझा सल्ला असा की क्लिप आधी १०-बिट प्रोरेस ४२२ मध्ये रूपांतरित करून घ्या आणि मग लट लावा. १०-बिटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ ऐवजी १०२४ पातळ्या मिळतात, त्यामुळे ग्रेडिंगला जागा राहते. शिवाय आपली फाइल ४:२:० आहे. रंगाची माहिती निम्मी असल्यामुळेच गुलाबी-हिरवट छटा येत असणार.

ग्रेडखोली

अमेय यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, पण उपाय लागू पडणार नाही. कॅमेऱ्याने ज्या पातळ्या नोंदवल्याच नाहीत, त्या रूपांतराने परत येत नाहीत. १०-बिटच्या फाइलमध्ये तेच मोजके टप्पे चौपट अंतरावर जाऊन बसतात, इतकेच. ८-बिट एचडीएमआय देणाऱ्या कॅमेऱ्याला १०-बिट रेकॉर्डर जोडला तरी हेच घडते. रिझॉल्व्ह आतली सगळी गणिते ३२-बिट फ्लोटमध्येच करते, त्यामुळे आधी रूपांतर केल्याने गणिताची अचूकताही वाढत नाही. टाइमलाइन हलकी चालावी म्हणून प्रोरेस करायचे असेल तर जरूर करा.

आता मूळ प्रश्न. एस-लॉग ३ मध्ये १८ टक्क्यांचा करडा रंग ४१ टक्के पातळीवर बसतो आणि ९० टक्क्यांचा पांढरा ६१ टक्के पातळीवर. म्हणजे करड्यापासून पांढऱ्यापर्यंतचा सव्वादोन स्टॉपांहून थोडा मोठा पल्ला सिग्नलच्या केवळ २० टक्क्यांत दाबलेला असतो. ८-बिटमध्ये या २० टक्क्यांच्या वाट्याला सुमारे ४४ पातळ्या येतात आणि १०-बिटमध्ये सुमारे १७८. रेक. ७०९ मध्ये हाच पल्ला साधारण ४१ ते ९५ टक्क्यांपर्यंत पसरतो आणि नेहमीच्या ८-बिट पडद्यावर त्यासाठी सुमारे ११८ पातळ्या लागतात. लट हेच ताणण्याचे काम करते. १७८ टप्प्यांवरून ११८ जागा भरताना एकही जागा रिकामी राहत नाही. ४४ टप्प्यांवरून भरताना मात्र प्रत्येक टप्प्यानंतर अडीच-पावणेतीन पातळ्यांची उडी घ्यावी लागते. घडीचा पंखा उघडल्यावरच त्याच्या घड्या मोजता येतात, तसे हे आहे: लट काढल्यावर पट्टे नाहीसे होत नाहीत, फक्त इतके जवळ येतात की डोळ्याला कळत नाहीत.

आपल्याच दृश्याचा हिशेब करू. एस-लॉग ३ मध्ये मध्यम आणि उजळ भागांत एका स्टॉपला ८-बिटमध्ये जेमतेम २० पातळ्या मिळतात. आपले आकाश एका स्टॉपचे आहे. चौकट ४के असून आकाशाने वरच्या १४०० ओळी व्यापल्या आहेत असे धरले, तर एकेक पट्टा सुमारे ७० ओळींचा होईल. १०-बिटमध्ये त्याच जागेत ७८-७९ टप्पे बसतात, म्हणजे प्रत्येकी अठराएक ओळींचे, आणि ताणल्यावरही दोन टप्प्यांतला फरक पडद्याच्या एका पातळीपेक्षा कमी राहतो. आपले पट्टे प्रत्यक्षात किती रुंद आहेत ते मोजून कळवाल का?

दुपारचे आकाश का वाचले, याचे उत्तरही लटच्या वक्रातच आहे. दुपारी आकाश मधल्या करड्याच्या बरेच वर असते आणि तिथे बहुतेक लटचा वक्र आडवा होत जातो, म्हणजे टप्पे ताणले न जाता आणखी जवळ येतात. सूर्यास्तानंतरचे आकाश नेमके मधल्या, सर्वांत चढ असलेल्या भागात पडते. भिंत, धुके किंवा स्टुडिओचा कोरा पडदा अशा सपाट गोष्टी त्या भागात आल्या की ८-बिट लॉग उघडा पडतो. बाराबंदीच्या चुण्यांत किंवा गर्दीत टप्पे असले तरी ते पोतात हरवून जातात.

गुलाबी-हिरवट छटांचे कारण ४:२:० नाही. उजेडाचा एक आणि रंगाचे दोन, असे तिन्ही सिग्नल वेगवेगळ्या ओळींवर पुढच्या टप्प्यावर जातात. मधल्या ओळींत त्यांचा मेळ किंचित चुकतो आणि लट तो फरकही वाढवते. ४:२:० चा त्रास मुख्यतः तीव्र रंगांच्या कडांवर आणि क्रोमा की करताना दिसतो.

तलावकाठ_सोलापूर

मोजले. पट्टे ६० ते ८० ओळींचे आहेत, क्षितिजाजवळ अरुंद आणि वर रुंद. लट काढून तिच्या जागी रिझॉल्व्हचे कलर स्पेस ट्रान्सफॉर्म लावले तेव्हाही पट्टे त्याच ओळींवर राहिले. म्हणजे लट निर्दोष आहे असे मानतो. आणखी एक शंका: दृश्य थोडे अंधारलेले वाटले म्हणून लटच्या आधीच्या नोडमध्ये ऑफसेट वाढवला आहे. त्यामुळे पट्टे वाढले असतील का?

ग्रेडखोली

चाचणी अगदी योग्य केलीत. लट सदोष असती, उदाहरणार्थ फार थोड्या बिंदूंची, तर लट बदलल्यावर पट्ट्यांच्या जागाही बदलल्या असत्या.

लॉगवर ऑफसेट लावला की सर्व टप्पे एकसारखे वर सरकतात आणि त्यांच्यातले अंतर तेच राहते, म्हणून तो थेट दोषी नाही. सरकून ते वक्राच्या अधिक चढ असलेल्या भागात गेले असतील तर थोडा फरक पडेल. मात्र एक्स्पोजरची ही दुरुस्ती लटच्या आधीच ठेवा. लटमधून बाहेर पडताना जो उजेड पांढऱ्याला टेकून कापला गेला, तो नंतरच्या नोडमध्ये कितीही खाली ओढला तरी त्यात काही सापडत नाही.

दृश्य वाचवण्यासाठी मी असे करतो. लटच्या आधी, म्हणजे लॉगमध्येच, फक्त आकाशाचा मास्क करून एका नोडमध्ये पट्ट्याच्या रुंदीहून अधिक व्याप्तीचा ब्लर द्यावा. फ्लोटमध्ये गणित होत असल्याने दोन टप्प्यांच्या मधल्या किमती खरोखर तयार होतात आणि लट त्या सलग ताणते. त्यानंतर लटच्या पुढे, साखळीच्या शेवटी, अगदी बारीक ग्रेन घालावी. ती नसेल तर ८-बिट निर्यातीत नवे पट्टे उमटू शकतात. सशुल्क आवृत्तीत यासाठी डीबँड आणि ग्रेन दोन्ही मिळतात. मोफत आवृत्तीत ग्रेनची तयार क्लिप वर ठेवून भागते. मास्कची कड मंदिराच्या शिखरापासून आणि झाडांपासून जरा दूर ठेवा, अन्यथा भोवती आभा दिसेल. आकाशातून पक्षी जात असतील तर ब्लरमध्ये ते पुसले जातील, यावर मला सोपा मार्ग माहीत नाही.

अमेय_एडिट

रूपांतराबद्दल पटले. मग ८-बिट कॅमेऱ्यात लॉग वापरूच नये का?

ग्रेडखोली

सरसकट तसे म्हणणार नाही. संध्याकाळच्या या दृश्याला लॉगच्या पूर्ण आवाक्याची गरज नव्हती, एवढेच म्हणेन. एस-लॉग २ मध्ये करडा ३२ टक्क्यांवर आणि पांढरा ५९ टक्क्यांवर असतो, म्हणजे ८-बिटमध्ये त्याच पल्ल्याला ४४ ऐवजी सुमारे ५९ पातळ्या मिळतात. कमी सपाट प्रोफाइल घेतली तर त्याहूनही अधिक मिळतात. बदल्यात उजळ भाग लवकर कापले जातात, आणि दुपारच्या मिरवणुकीत मी तो सौदा करणार नाही.

पंढरपूर_रात्रपाळी

माझा अनुभव या गणिताशी पूर्ण जुळत नाही. चंद्रभागेच्या वाळवंटात पहाटे ८-बिट एस-लॉग ३ मध्येच चित्रीकरण करतो, आयएसओ बराच वर असतो, आणि आकाशात पट्टे क्वचितच दिसतात. दाणे दिसतात, पट्टे नाहीत. त्यामुळे मूळ दोष बिटचा की कोडेकचा, असा मला प्रश्न पडतो.

ग्रेडखोली

आपले निरीक्षण खरे आहे. सेन्सरचा नॉइज एका पातळीपेक्षा मोठा असेल तर शेजारचे पिक्सेल दोन टप्प्यांमध्ये विखुरतात आणि पट्ट्याची कड मोडते. मी शेवटी ग्रेन घालायला सांगतो ते याच कारणाने. तलावाच्या दृश्यात आयएसओ कमी असेल तर नॉइज मुळातच थोडा, आणि जो होता तो सपाट आकाशात एच.२६४ च्या दाबणीने पुसला असण्याची शक्यता आहे. त्यात कोडेकचा वाटा किती आणि बिटचा किती, हे केवळ या फाइलवरून मला वेगळे करता येत नाही. एकाच सेन्सरवरून, एकाच बिटरेटने ८ आणि १०-बिट अशा दोन्ही फाइल कोणाकडे असतील तर पाहायला आवडेल.

तलावकाठ_सोलापूर

आयएसओ ८०० होता. मित्राच्या कॅमेऱ्यात ८-बिटचाही पर्याय आहे. कॅमेरा परत करण्यापूर्वी तलावावर संध्याकाळी दोन्ही प्रकारे चित्रीकरण करून फाइल येथे देतो, मात्र बिटरेट सारखा ठेवता येईल की नाही ते मेनू पाहूनच कळेल. लॉगमधल्या ब्लरने एका क्लिपचे आकाश सलग झाले आहे. दुसऱ्या क्लिपमध्ये शिखरावरून बगळ्यांचा थवा जातो, तिथे अजून अडलो आहे.