दगड बदलताना खिडकीही सरकते : दोष कोणाचा?

सदरबझार_सातारा : आमच्या दुमजली घराच्या दर्शनी भिंतीला काळ्या दगडाचे क्लॅडिंग शोभेल की जांभ्याचे, हे घरच्यांना फोटोवर दाखवायचे आहे. ‘खिडक्या आणि छपराची रेषा तशीच ठेव’ असे एआय साधनाला बजावूनही वरची खिडकी दर वेळी थोडी सरकते आणि कौलांची कड बदलते. सूचना वेगळ्या शब्दांत लिहून पाहावी काय?

रेषेवरचा : शब्दांनी हे साधणार नाही, कारण अशी साधने बहुधा पूर्ण फोटोच नव्याने रंगवतात. भिंत तेवढी निवडून तिचा मास्क करा आणि त्यातून चौकटीसह खिडक्या, छज्जे, पावसाचे पाइप व कौलांची कड वगळा. मास्कची कड एखाद्या पिक्सेलपेक्षा जास्त मऊ ठेवू नका, नाहीतर कौलांखाली धुरकट पट्टा उमटतो. मात्र मास्क देऊन काम संपत नाही. स्टेबल डिफ्यूजनसारखे साधन फोटो आठ-आठ पिक्सेलच्या चौकटींत आकसून पुन्हा उलगडते, त्यामुळे मास्कबाहेरचा भागही किंचित बदलतो. तुमचे सात फुटी दार फोटोत 420 पिक्सेल उंच असेल तर एक फूट म्हणजे 60 पिक्सेल, आणि ग्रिलचा अर्ध्या इंचाचा गज जेमतेम अडीच पिक्सेलचा. तो त्या आकसण्यात वाकडा तरी होतो किंवा शेजारच्या गजाला चिकटतो. म्हणून तयार चित्र मूळ फोटोवर लेयर म्हणून ठेवून त्याला तोच मास्क लावा, म्हणजे भिंतीबाहेर सगळीकडे मूळ फोटोच दिसेल. त्यानंतर मूळ फोटोची प्रत सर्वांत वर ठेवून तिचा मोड Difference करा आणि Levels वाढवा. खिडकी व कौले काळीभोर दिसली पाहिजेत. कडेला उजळ रेघ दिसली तर मास्क तिथे चुकला आहे.

ब्रशवाला : एवढा खटाटोप कशाला? दगडाचा फोटो भिंतीच्या तिरकसपणाप्रमाणे ताणून Multiply मध्ये ठेवला की छज्जाची सावलीही आपोआप टिकते आणि खिडकीला हात लागण्याचा प्रश्नच उरत नाही.

रेषेवरचा : पांढऱ्या भिंतीवर हे चालेल. भिंत पिवळी असेल तर काळा दगड शेवाळी दिसेल, आणि Multiply फक्त गडद करू शकतो, उजळ नाही. म्हणून आधी खालच्या भिंतीचा रंग काढून ती उजळवावी लागते. थर मोजून बसवायलाही विसरू नका. सहा इंची थर दाराजवळ 30 पिक्सेलचा हवा आणि भिंत लांब जाईल तसा तो लहान व्हायला हवा, नाहीतर घर खेळण्यातले वाटते.

कृष्णाकाठ_सांगली : खिडक्या न काढता क्लॅडिंग करता येते. आम्ही 2019 च्या पुरानंतर खालच्या चार फुटांपर्यंत दगड लावून घेतला, तेव्हा एकही चौकट हलवावी लागली नाही. ओल मात्र आतून यायची ती येतेच.

सदरबझार_सातारा : दादा, प्रश्न फोटोतल्या खिडकीचा आहे, ओलीचा अनुभव लक्षात ठेवतो.

ओळंबा : मी बांधकामातला माणूस असल्यामुळे या सगळ्या खटपटीच्या मुळाशीच माझा आक्षेप आहे. 25 मिमी दगड आणि त्यामागे 20 मिमी मसाला धरला तर भिंत 45 मिमी पुढे येते, म्हणजे वरच्या हिशोबाने जवळपास नऊ पिक्सेल. चौकट जिथल्या तिथे राहते, पण ती तेवढी खोल गेल्यासारखी दिसते. दगड खिडकीच्या बगलेत वळवला तर उघडा भाग दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ पिक्सेलने अरुंद होतो. छज्जाही भिंतीबाहेर तेवढा कमी उरतो आणि त्याची सावली आखूड होते. खिडकी जशीच्या तशी दाखवणारा फोटो घरमालकाची फसवणूक करतो. बगलेचे मोजमाप न दाखवल्यामुळे ‘खिडकी लहान का झाली?’ हे बोलणे मी ऐकून घेतलेले आहे.

रेषेवरचा : मोजमाप मान्य आहे, निष्कर्ष नाही. इथे दोन दगडांची तुलना करायची आहे आणि त्यासाठी बाकी सगळे स्थिर हवे. खिडकीही हलली तर घरच्यांची पसंती दगडाला की नव्या खिडकीला, हे कळणारच नाही. दगड ठरला की बगलेचा वेगळा फोटो करावा.

ओळंबा : जांभ्याची फरशी जाड आणि काळ्या दगडाची पातळ घेतली तर दोन्हींची बगल सारखी कशी धरणार? तुमची तुलना तिथेच बिघडते.

सदरबझार_सातारा : मास्क लावून करून पाहिले. Difference मध्ये कौलांची कड पूर्ण काळी आली आणि ग्रिलचे सगळे गज मूळ जागी भरले. मात्र वरच्या खिडकीच्या डाव्या बाजूला साधनाने चौकटीबाहेर, भिंतीवरच, दुसरी पातळ चौकट रंगवली आहे. तेवढी पट्टी आता ब्रशवाल्यांच्या पद्धतीने हाताने भरतो आहे. बगल किती दाखवायची, ते गवंडी फरशीची जाडी सांगेल तेव्हा ठरवू.