पोर्टलशी व्याज जुळलं म्हणजे शीट बरोबर का?

निळीशाई: आर्थिक वर्ष २०२४-२५. फ्रीलान्स भाषांतर करते, खर्च वजा जाता नफा दाखवते. टॅक्स १,८६,०००, टीडीएस ४६,०००, उरले १,४०,०००. ॲडव्हान्स टॅक्स जूनमध्ये १७,०००, सप्टेंबरमध्ये ३३,०००, डिसेंबरमध्ये ५५,०००, मार्चमध्ये २५,०००, सगळा १५ तारखेच्या आत भरला. शीटमध्ये हप्ते १५, ३०, ३०, २५ टक्के धरले आणि जिथे कमी पडलं तिथे व्याज लावलं, १२० + २७० + ० + १०० = ४९०. पोर्टलवरही ४९०च. तरी भाऊ म्हणतो शीट चुकलंय. कसं काय?

बाकीशून्य: भावाला सोडा. आकडा जुळला ना, मग विषय संपला. ४९० रुपयांसाठी कोण शीट उसवत बसतंय? फक्त एक बघा, मार्चनंतर १०,००० बाकी राहिलेत तर त्या बाकीवर कलम २३४बीचं व्याज पण लागेल एप्रिलपासून, ते शीटमध्ये दिसत नाहीये.

हिशोबवही: भाऊ बरोबर आहे. हप्ता कमी पडल्याचं व्याज लावणारं कलम २३४सी सुटा हप्ता बघतच नाही, त्या तारखेपर्यंत एकूण किती भरलं ते बघतं. १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५, १५ मार्चला १००. आणि पहिल्या दोन तारखांना सूट आहे, १२ आणि ३६ टक्के भरलेले असले तर व्याज नाही.

आता तुमचेच आकडे घ्या. जूनला १२ टक्के म्हणजे १६,८००, तुम्ही १७,००० भरले, व्याज शून्य. सप्टेंबरपर्यंत ५०,००० झाले आणि ३६ टक्के होतात ५०,४००. चारशे कमी! सूट गेली की फरक ३६ पासून नाही, ४५ टक्क्यांपासून मोजतात, म्हणजे ६३,००० वजा ५०,०००, त्या १३,००० वर तीन महिन्यांचे तीन टक्के, ३९०. डिसेंबरला बरोब्बर १,०५,०००, काही नाही. मार्चला १०,००० कमी, तिथे एकाच महिन्याचा १ टक्का, १००. झाले ४९०. तुमच्या शीटने जूनला नसलेलं व्याज लावलं आणि सप्टेंबरला तेवढंच कमी लावलं, म्हणून बेरीज जुळली.

खात्री करायची तर सप्टेंबरला ३३,४०० आणि डिसेंबरला ५४,६०० टाकून बघा. खरं व्याज १०० वर येईल, तुमचं शीट ४७८ दाखवेल.

बाकीशून्य, २३४बी इथे लागत नाही. १,४०,००० चे ९० टक्के १,२६,०००, त्यांनी १,३०,००० भरलेत.

रंगपेटी: मी इंटिरियरची कामं करतो आणि सगळा टॅक्स एकदम मार्चमध्येच भरतो, आजवर जून-सप्टेंबरचं व्याज कधी लागलं नाही. उगाच चार वेळा कशाला भरता?

हिशोबवही: तुम्ही कलम ४४एडीएमध्ये, म्हणजे खर्च न दाखवता ठरावीक टक्के नफा धरणाऱ्यांत असणार, तिथे १५ मार्चचा एकच हप्ता असतो. त्या नफा-खर्च दाखवतात, त्यांना चारही तारखा लागू.

निळीशाई: पण जूनमध्ये वर्षाची कमाई मला माहीतच नव्हती! सगळ्यात मोठं काम नोव्हेंबरात आलं. तेव्हाच्या अंदाजाने मी बरोबरच भरलेले.

बाकीशून्य: मग व्याज लागायलाच नको, प्रामाणिक अंदाज होता.

हिशोबवही: तशी सवलत कॅपिटल गेन, डिव्हिडंड, लॉटरी अशा उत्पन्नाला आहे, धंदा त्याच वर्षी पहिल्यांदा सुरू झाला असेल तर त्यालाही. चालू धंद्यात काम उशिरा आलं हे कारण चालत नाही, रिटर्नमधल्या शेवटच्या आकड्यावरूनच मागचे हप्ते तपासले जातात. मलाही हे अन्यायाचं वाटतं, पण शीट नियमाप्रमाणेच हवं.

आणि टीडीएसचा ४६,००० कुठून घेतला, बिलांवरून की टॅक्स खात्याच्या २६एएस नोंदीवरून? समजा एका क्लायंटने ६,००० कापलेच नाहीत. भरायचे होतात १,४६,०००, जूनचे १२ टक्के १७,५२० म्हणजे तुमचे १७,००० तिथेही कमी. शिवाय ९० टक्के होतात १,३१,४००, म्हणजे २३४बी पण लागलं, बाकी १६,००० वर महिन्याला १६०. जुलैत भरलेत तर एप्रिलपासून चार महिन्यांचे ६४०.

निळीशाई: बिलांवरून घेतलाय. २६एएस आज रात्री काढते.

बाकीशून्य: २३४बीचं मान्य. पण म्हणून जूनमध्येच जास्त भरून ठेवा हे मला पटत नाही. आमच्याकडे पेमेंट तीन-तीन महिने अडकतं, हातात पैसा असलेला बरा, व्याज लागलं तर लागलं.

हिशोबवही: महिन्याला १ टक्का म्हणजे वर्षाला १२, एवढं व्याज एफडीसुद्धा देत नाही. आणि हे व्याज धंद्याच्या खर्चात पण टाकता येत नाही.

रंगपेटी: पण ज्याच्या हातात १५ जूनला पैसेच नाहीत त्याने एफडीशी कशाला तुलना करायची? त्याने उसने घेऊन भरायचे का?