‘ओपन हॅशिंग’ आणि ‘ओपन ॲड्रेसिंग’ एकच का?

मृदुला: असाइनमेंटमध्ये लिहिलंय, ‘ओपन हॅशिंग वापरून टेबल लिहा, नोंद काढून टाकण्याचीही सोय करा’. मी ओपन ॲड्रेसिंग केलंय. दोन्ही एकच ना?

शेखर: एकच. टक्कर झाली की पुढचं मोकळं घर शोधायचं. ‘ओपन’ म्हणजे मोकळं.

विद्याधर: शेखर, मोकळं घर शोधायचं हे ओपन ॲड्रेसिंगबद्दल बरोबर आहे, पण ओपन हॅशिंग म्हणजे चेनिंग. ॲड्रेसिंगमधला ‘ओपन’ पत्त्याबद्दल आहे: हॅशने 3 सांगितलं तरी नोंद 3 वरच बसेल असं नाही. हॅशिंगमधला ‘ओपन’ टेबलाबद्दल आहे: नोंदी टेबलाबाहेर, लिंक्ड लिस्टमध्ये राहू शकतात. म्हणूनच ओपन ॲड्रेसिंगला क्लोज्ड हॅशिंगही म्हणतात.

मृदुला: अरे देवा. तसं भरणं-शोधणं नीट चालतंय, पण काढताना गडबड होते. 7 घरं आहेत, हॅश `k % 7`. 10, 17, 24 भरले. 17 काढला की 24 सापडतच नाही.

विद्याधर: तिघांचाही हॅश 3. त्यामुळे 10 बसला 3 वर, 17 गेला 4 वर आणि 24 गेला 5 वर. तुम्ही 4 रिकामं केलंत. आता 24 शोधताना 3 वर 10 दिसतो, 4 रिकामं दिसतं आणि शोध तिथेच थांबतो. 24 जागेवरच आहे, वाट तुटली आहे. चेनिंगमध्ये 10 चा पॉइंटर 24 कडे वळवला की काम झालं.

शेखर: मग काढल्यावर मागचे सगळे एकेक घर पुढे ओढायचे!

विद्याधर: सरसकट नाही ओढता येत. समजा 6 वर 13 आहे. त्याचा हॅशच 6. तो 5 वर आणलात तर शोध 6 पासून सुरू होईल आणि 13 हरवेल. सोपा उपाय म्हणजे घर रिकामं न करता त्यावर `DELETED` अशी खूण ठेवायची. शोध ती ओलांडून पुढे जातो.

अमोल: याच खुणांनी माझा प्रोजेक्ट रडवला होता. नोंदी मोजक्याच, पण टेबल खुणांनी भरलेलं आणि शोध अतिशय संथ. चेनिंग केलं, सुटलो.

विद्याधर: होणारच. लिनियर प्रोबिंगमध्ये टेबल निम्मं भरलेलं असेल तर नसलेली नोंद शोधायला सरासरी अडीच घरं बघावी लागतात. 90% भरल्यावर सुमारे 50. खुणाही त्यात भरलेल्याच धरायच्या. त्या वाढल्या की टेबल नव्याने भरायचं.

शेखर: या खुणेला ‘टूमस्टोन’ म्हणतात. मराठीत ‘थडगं’ लिहू का?

अमोल: ‘मृतखूण’ बरं वाटतं.

विद्याधर: मी नुसतं ‘खूण’ म्हणतो, पण थडगं चटकन कळतं हे खरं.

मृदुला: नवी नोंद भरताना पहिली खूण दिसली की तिथेच बसवू?

विद्याधर: ती जागा लक्षात ठेवा, पण रिकामं घर लागेपर्यंत पुढे बघा. तीच नोंद पुढे असेल तर ती दोनदा भरली जाईल. अर्थात सरांना चेनिंगच हवं असेल तर हे सारं लागणारच नाही. ही नावं अनेकजण उलटसुलट वापरतात, तेव्हा आधी त्यांना विचारा.