बुशच्या ड्रॉइंगमधलं H7
"एका दृश्यात तिरक्या रेघा आहेत, भोकावर ⌀25 H7 लिहिलंय. कसं वाचायचं?"

तो बुश मधोमध कापल्याचं समजून काढलेला छेद आहे. जिथे धातू कापला जातो तिथेच रेघा येतात, भोक कोरं राहतं. H7 मुळे भोक 25.000 ते 25.021 मिमी चालतं. 24.99 भरलं तर रीमर फिरवता येतो, 25.03 झालं की नग बाद. शाफ्ट ⌀25 g6 असेल तर तो 24.980 ते 24.993, म्हणजे कमीत कमी 7 मायक्रॉन फट राहतेच, जास्तीत जास्त 41. बाहेरच्या व्यासाला टॉलरन्स दिसत नसेल तर टायटल ब्लॉकमधली सर्वसाधारण टॉलरन्स बघा. तिथेच प्रोजेक्शनचं चिन्हही असतं. आपल्याकडच्या फर्स्ट अँगलमध्ये वरून दिसणारं दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली येतं. आणि कागदावर पट्टी लावून माप काढू नका, प्रिंट क्वचितच खऱ्या मापात असते.