रिव्हिजनच्या उत्तरात एखादी सूचना नाकारलीत का? अनुभव लिहा

माळरान
ग्रामीण भागातल्या एका मेडिकल कॉलेजात शिकवते. गरोदरपणातल्या रक्तक्षयावरच्या आमच्या पेपरला मेजर रिव्हिजन आली. लोहाच्या गोळ्या रोज द्याव्यात की दिवसाआड, असा अभ्यास होता. अकरा सूचनांपैकी दहा मान्य केल्या, एक नाकारली. त्या एका परिच्छेदाला चार दिवस लागले, म्हणून हा धागा.

सूचना अशी होती : 'फरक सिद्ध झालेला नाही, तेव्हा मिळालेल्या निकालावरून अभ्यासाची पॉवर काढून द्या.' दोन गटांच्या हिमोग्लोबिनमध्ये ०.४ ग्रॅमचा फरक होता, कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे ०.१ ते ०.९, पी-व्हॅल्यू ०.१२. यावरून पॉवर साधारण ३५ टक्के येते. पण हा आकडा पी-व्हॅल्यूतूनच निघतो. पी मोठा असला की ही पॉवर लहान येणारच. पी ०.०५ असेल तर ती ५० टक्क्यांच्या आसपासच येते, अभ्यास कुठलाही असो. म्हणजे वाचकाला नवीन काहीच कळत नाही. होएनिग आणि हायझी यांनी २००१ साली हे नीट मांडलं आहे, त्याचा आधार दिला.

मूळ पत्र इंग्रजीत होतं, त्याचा मजकूर साधारण असा :

'सूचना ७. नमुना लहान असल्यामुळे खरा फरक निसटला असेल, ही शंका रास्त आहे. म्हणून अभ्यासाआधी केलेलं नमुन्याचं गणित आता दिलं आहे (पान ५, ओळी ११२ ते ११८). चर्चेतलं "दोन्ही गटांत फरक नाही" हे वाक्य काढलं असून, त्याजागी "०.९ ग्रॅमपर्यंतचा फरक या माहितीवरून नाकारता येत नाही" असं लिहिलं आहे. निकालावरून काढलेली पॉवर मात्र वरील कारणामुळे दिलेली नाही. संपादकांना ती तरीही आवश्यक वाटल्यास पुरवणी तक्त्यात देऊ.'

सह्यकडा
आमच्या सरांचा नियम, रिव्ह्यूअरला नाही म्हणायचं नाही. एक आकडा घालून पेपर सुटत असेल तर घालावा. शिवाय नमुन्याचं गणित दिलंत म्हणजे पॉवर दिलीच की, मग नाकारलंत काय?

माळरान
सह्यकडा, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीचं गणित 'किती फरक उपयोगाचा मानायचा' हे ठरवून केलेलं असतं. नंतरच्या गणितात हाती आलेला फरकच खरा धरतात. बिनमहत्त्वाच्या बाबतीत वाद घालू नये, हे मात्र पटतं. दोन तक्ते एकत्र करा म्हणाले, आम्हाला आवडलं नव्हतं, तरी केले.

ओवीवेडी
माझा अनुभव विज्ञानातला नाही, चालेल ना? जात्यावरच्या ओव्यांवर एका त्रैमासिकात लेख होता. संपादकांनी ओव्या प्रमाण मराठीत करायला सांगितल्या. बाकी सगळं बदललं, प्रस्तावना निम्मी केली. पण ओव्या तशाच ठेवल्या. पत्रात लिहिलं, 'म्हणणारी बाई "पानी" म्हणते, "पाणी" केलं तर ती तिची ओवी राहत नाही. वाचकाच्या सोयीसाठी प्रत्येक ओवीखाली अर्थ देते.' संपादकांनी ऐकलं.

जुना_संपादक
एका जर्नलचा सहसंपादक म्हणून नऊ वर्षं ही पत्रं वाचली. ओवीवेडींनी आणि माळरान यांनी एकच गोष्ट केली आहे. सूचनेमागची अडचण सोडवली आणि सुचवलेला उपाय तेवढा नाकारला. अशा नकाराचा राग येत नाही. वैताग येतो तो 'बदल केला आहे' एवढंच लिहिलं की. काय बदललं ते शोधायला मला पुन्हा तीस पानं वाचावी लागतात. सूचना जशीच्या तशी उतरवा आणि तिच्याखाली बदललेलं वाक्य द्या. ओळ क्रमांक कुठल्या फाइलमधले तेही सांगा. ट्रॅक चेंजेसच्या फाइलमध्ये खोडलेला मजकूर दिसत राहतो, त्यामुळे स्वच्छ प्रतीतली ११२वी ओळ तिथे १३०च्या पुढे गेलेली असते. मग रिव्ह्यूअरला वाटतं, बदल केलेलाच नाही.

माळरान, तुमचं शेवटचं वाक्य मी काढलं असतं. जो आकडा दिशाभूल करतो म्हणता, तो पुरवणीत ठेवला तरी दिशाभूल करणारच.

माळरान
सर, यावर आमच्यातही एकमत नव्हतं. सहलेखकाचं म्हणणं, निर्णय संपादकांवर सोपवल्याने ताठा दिसत नाही. मला अजूनही ठरवता येत नाही.

नदीकाठ
माझ्यासमोर आत्ताच हा प्रश्न आहे. रिव्ह्यूअरने सहा संदर्भ घालायला सांगितलेत, पाच एकाच गटाचे. दोन खरोखर विषयाला धरून आहेत. बाकीचे नाकारायचं कारण सर्वांना दिसेल अशा उत्तरात लिहू, की संपादकांच्या वेगळ्या पत्रात?

जुना_संपादक
दोन घाला. उरलेल्यांबद्दल उत्तरात फक्त 'या अभ्यासाच्या प्रश्नाशी थेट संबंध नाही' एवढं लिहा. एकाच गटाची गोष्ट संपादकांच्या कव्हर लेटरमध्ये, आरोप न करता. कव्हर लेटर रिव्ह्यूअरला दिसतं की नाही, हे मात्र जर्नलप्रमाणे बदलतं. आधी ऑफिसला मेल करून विचारा.

माळरान
आमच्या दुसऱ्या फेरीचं उत्तर आलं. सूचना ७ बद्दल रिव्ह्यूअर काहीच बोललेले नाहीत. मात्र ओळी ११२ ते ११८ त्यांना सापडल्या नाहीत. फाइलचं नाव आम्ही लिहिलंच नव्हतं.